अठ्ठावीस दिवसांचा हिशोब

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी परवा मुहूर्त लागला. निमित्त झालं एका गिऱ्हाइकाचं. जुन्या वाचकांना माहीतच आहे, पण नव्यांसाठी सांगते, माझं आयुष्य औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे गेलं. आता दुकान पुतण्या बघतो, मी संध्याकाळी दोन तास जाऊन बसते.

तर परवा एक तरुण मुलगा आला आणि फॉलिक ॲसिड मागितलं. चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. मी सहज विचारलं, "बायकोच्या नेहमीच्या गोळ्या नकोत का या महिन्यात?" तिच्या फिटच्या गोळ्या, कार्बामॅझेपिन, आमच्याकडूनच जायच्या. तो म्हणाला, "त्या बंद केल्या काकू, चार दिवस झाले. आई म्हणाली, बाळाला त्रास नको."

मी त्याला तिथेच थांबवलं, तिच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. पण तोवर उशीर झाला होता. त्याच रात्री गॅसपाशी तिला फिट आली. हात भाजला, कपाळाला टाके पडले. पोटातलं बाळ सुखरूप आहे, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. सासूबाई बिचाऱ्या रडून रडून अर्ध्या झाल्यात. त्यांना दोष कसा देणार? गरोदरपणात साधी डोकेदुखीची गोळीही विचारून घ्यावी हे आपणच सगळ्यांना शिकवलं ना!

ही घटना मनात घोळत असताना माझ्या भाचीची गोष्ट आठवली. ती लिहायची परवानगी तिच्याकडून फार पूर्वीच घेऊन ठेवली आहे. तिला इथे ऋता म्हणू. घरातल्या वाचकांना ही ऋता कोण ते दुसऱ्या ओळीत कळेल, त्यांनी कृपया गप्प बसावं :-)

ऋताला पहिली फिट आली दहावीच्या वर्षी, रात्रभर जागून अभ्यास केल्यावर सकाळी. त्याआधी वर्षभर सकाळी तिच्या हाताला झटके यायचे, कप सुटायचा, आणि आम्ही सगळे तिला धांदरट म्हणायचो. पौगंडावस्थेत सुरू होणारा हा अपस्माराचा एक ठरावीक प्रकार आहे. सकाळचे झटके, जागरणानंतरची फिट, आणि गोळ्या सोडल्या की पुन्हा फिट. या प्रकारावर सोडियम व्हॅल्प्रोएटइतकं हुकमी औषध क्वचितच सापडेल. तिला सकाळी ५०० आणि रात्री ५०० मिलिग्रॅम सुरू झालं आणि झटके थांबले. दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, सगळं त्या गोळीवर पार पडलं.

आणि अकरा वर्षं ती चिठ्ठी तशीच चालू राहिली. दर सहा महिन्यांनी "फिट आली का?" "नाही." "मग चालू ठेवा." मीही तेच केलं बरं का. मुलगी पंधराची होती ती सव्वीसची झाली, हे त्या चिठ्ठीला कळलं नाही आणि चिठ्ठीवरून गोळ्या काढून देणाऱ्या मावशीलाही सुचलं नाही. लग्न ठरल्यावर एकदा रात्री मी दचकून उठले आणि मनाशी म्हटलं, अगं बाई, ही तर व्हॅल्प्रोएटवर आहे!

दचकायचं कारण सांगते. अपस्मार असलेल्या बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी ठेवणारी मोठी रजिस्टर्स गेल्या पंचवीस वर्षांत जगभर उभी राहिली. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून केरळचं रजिस्टर आहे, युरोपात सुरू झालेल्या यूरॅप नावाच्या रजिस्टरमध्ये अनेक देश आहेत. यूरॅपचे २०१८ मध्ये आलेले आकडे असे: व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आयांच्या शंभर बाळांपैकी साधारण दहांत मोठं जन्मजात व्यंग आढळलं. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांमध्ये शंभरात तीनपेक्षा थोडं कमी, आणि एवढं प्रमाण कुठलंही औषध न घेणाऱ्या आयांच्या बाळांतही दिसतंच. परवाच्या त्या मुलीचं कार्बामॅझेपिन या दोहोंच्या मधे, साडेपाचच्या आसपास. शिवाय व्हॅल्प्रोएटचा धोका डोसप्रमाणे चढतो. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत शंभरात सहा, आणि १४५० च्या वर गेलं की शंभरात पंचवीस. म्हणजे चारात एक.

आणि व्यंग सोनोग्राफीत दिसतं तरी. जे दिसत नाही ते जास्त छळतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा मुलांचा सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला गेला. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७ भरला, लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८. मूल हसतंखेळतं असतं, शाळेत मात्र मागे पडतं, आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता कोणी म्हणेल, मग दिवस राहिल्यावर गोळी बदलायची की. इथेच सगळ्यांचा हिशोब चुकतो. म्हणून ऋताच्याच तारखा मांडते.

तिची शेवटची पाळी १० एप्रिल २०२२ ला आली. गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे २४ एप्रिलच्या सुमारास. पुढची पाळी यायला हवी होती ८ मेला. ती चुकली, चार दिवस वाट बघून तिने १२ मेला घरी चाचणी केली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. तिच्या बाबतीत ही तारीख येते २२ मे. म्हणजे दोन रेघा दिसल्या तेव्हा अठ्ठावीसपैकी अठरा दिवस संपले होते. पहिली सोनोग्राफी १ जूनला झाली, तेव्हा ती नळी मिटून दहा दिवस उलटले होते. आणि आपल्याकडची रीत म्हणजे तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. तिचे तीन महिने भरले जुलैत!

व्हॅल्प्रोएटमुळे ती नळी नीट न मिटण्याची शक्यता वाढते. पण नळी मिटल्यानंतर गोळी थांबवली तर त्या जागेचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मेंदूची वाढ पुढेही नऊ महिने चालूच असते, त्यामुळे दिवस राहिल्यावर कळलं तरी डोस कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, हे न्यूरॉलॉजिस्ट बघतात. त्यांना लगेच भेटायचंच. पण ते बघणं वेगळं आणि घरच्या घरी गोळी बंद करणं वेगळं. अंगभर झटके येणारी मोठी फिट आली की आईचा श्वास काही काळ अडखळतो, बाळाचा प्राणवायू कमी होतो, आई पोटावर पडू शकते. आणि फिट आवरलेल्या नसतील तर झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका असतो, हे कोणी बोलत नाही म्हणून मी लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये अपस्मारामुळे झालेल्या मातामृत्यूंची चौकशी झाली तेव्हा हेच कारण सगळ्यात पुढे आलं.

थोडक्यात, एका बाजूला गोळीचा धोका आणि दुसऱ्या बाजूला फिटचा. हा तराजू चाचणीच्या दिवशी हातात घेतला तर दोन्ही पारड्यांत नुकसानच आहे. तो आधी वर्षभर हातात घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर या लेखात तेवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

आता ते वर्ष कसं गेलं ते सांगते. लग्न झालं, ऋता आणि तिचा नवरा म्हणाले मूल दोनेक वर्षांनी. न्यूरॉलॉजिस्टनी तारखा विचारल्या आणि म्हणाले, उत्तम, वेळ आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत लेव्हेटिरासिटाम सुरू केलं. आधी २५० सकाळ-रात्र, मग ५००, मग ७५०. ते पुरेसं चढल्यावरच व्हॅल्प्रोएट उतरवायला घेतलं, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम कमी. दरम्यान नियम कडक होते. स्कूटी बंद, बाथरूमला आतून कडी नाही, जागरण नाही, आणि गर्भनिरोधन चालूच.

व्हॅल्प्रोएट ४०० वर आलं आणि एका रात्रीच्या रेल्वे प्रवासानंतर सकाळी तिच्या हातातून कंगवा उडाला. तेच जुने झटके. ताई (माझी बहीण) म्हणाली, "पुरे झाले प्रयोग, जुनी गोळीच बरी होती." ताईचं अगदी चूक नव्हतं. काही जणींची फिट व्हॅल्प्रोएटशिवाय आवरतच नाही, आणि मग सगळं समजून उमजून, कमीत कमी डोसवर, तेच ठेवायची वेळ येते. पण ऋताच्या बाबतीत अजून वाव होता. डॉक्टरांनी उतरवणं महिनाभर थांबवलं, लेव्हेटिरासिटाम १००० सकाळ-रात्र केलं, आणि झटके थांबल्यावर पुन्हा पायरी उतरायला लावली. जूनअखेर व्हॅल्प्रोएट पूर्ण बंद. दोन महिने ती भयंकर चिडचिडी झाली होती, हा या नव्या गोळीचा ओळखीचा दुष्परिणाम. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

मग डॉक्टर म्हणाले, आता नऊ महिने थांबायचं. हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. गरोदरपणाआधीचे किमान नऊ महिने फिटशिवाय गेले असतील, तर दहापैकी आठ-नऊ जणींचं गरोदरपणही फिटशिवाय जातं. या वाट बघण्याच्या काळातच त्यांनी तिच्या रक्तातली लेव्हेटिरासिटामची पातळी मोजून घेतली. मला तेव्हा वाटलं, फिट येत नाही तर पातळी कशाला? उत्तर पुढे मिळालं. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात आणि हे औषध शरीरातून भराभर बाहेर जातं, अगदी पहिल्या तिमाहीपासून. तिची आधीची पातळी होती २२, चौदाव्या आठवड्यात ती १३ वर आली. गोळ्या तेवढ्याच, चुकवली एकही नव्हती. आधीचा आकडा नसता तर १३ कमी की पुरेसं, हे कळलं नसतं, कारण प्रत्येकीची पुरेशी पातळी वेगळी असते. डोस १२५० केला, सातव्या महिन्यात १५०० सकाळ-रात्र. लॅमोट्रिजिनची पातळी तर याहूनही खाली येऊ शकते. गरोदरपणात औषधाचा डोस वाढवायचा हे आमच्या ताईच्या पचनी पडेना. शेवटी मी म्हटलं, "ताई, बाळाला जास्त औषध जात नाहीये. ऋताच्या अंगात पूर्वी जेवढं होतं तेवढंच आपण टिकवतोय."

आता फॉलिक ॲसिडकडे येते, कारण परवाचा मुलगा तेच मागायला आला होता.

आमच्या दुकानात फॉलिक ॲसिड म्हटलं की हात आपोआप ५ मिलिग्रॅमच्या पत्त्याकडे जातो. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळीत ते असतं ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. दहापट फरक! हा मोठा डोस आला कुठून? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या आधीच्या बाळाचा कणा उघडा राहिला होता अशा बायकांना ४ मिलिग्रॅम दिलं, आणि पुढच्या बाळात तो दोष जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी झाला. फार मोठी गोष्ट होती ती. पण ती चाचणी अपस्मारासाठी नव्हती. फिटच्या गोळ्यांनीही कण्याचा दोष होतो, तेव्हा यांनाही मोठाच डोस द्यावा, असा तो तर्काने पुढे आलेला सल्ला आहे. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ५ मिलिग्रॅमच आहे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत मात्र "किमान ०.४ मिलिग्रॅम" म्हटलंय.

ऋताला तिच्या डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम सुरू केलं जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे गर्भधारणेच्या तीन महिने आधी, आणि बारा आठवडे भरल्यावर ते बंद करून लोहाच्या गोळीतल्या अर्ध्या मिलिग्रॅमवर आणलं. त्याच वर्षी, तिला सहावा महिना लागायच्या सुमारास, उत्तर युरोपातल्या देशांच्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. गरोदरपणात मोठ्या डोसचं फॉलिक ॲसिड घेतलेल्या अपस्मारग्रस्त आयांच्या मुलांत कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं, हजारात साधारण १४, न घेतलेल्यांत हजारात ६. ऋताने रात्री अकराला मला फोन केला. काय सांगणार? मी सांगितलं ते असं: ही नोंदींवरून काढलेली गाठ आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. कर्करोग झालेल्या मुलांची संख्या फार थोडी आहे. आणि तू मोठा डोस तीन महिन्यांनंतर घेतलेला नाहीस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही जवळपास हेच सांगितलं, तेव्हा कुठे ती झोपली.

यावर माझं मत असं झालंय, की ५ की ०.४ हा वाद डॉक्टरांनी त्या बाईकडे बघून सोडवावा. आधीच्या बाळात किंवा घराण्यात कण्याचा दोष आहे का, कुठली गोळी चालू आहे, हे बघून. पण आपण दुकानदारांनी मोठी गोळी ही "जास्त चांगली" म्हणून काढून देऊ नये, आणि ती नऊ महिने सवयीने चालूही ठेवू नये. आणि एक गैरसमज तर मुळापासून काढायला हवा. फॉलिक ॲसिड हा व्हॅल्प्रोएटवरचा उतारा नव्हे. मोठ्या नोंदींमध्ये फॉलिक ॲसिड घेतल्याने फिटच्या गोळ्यांमुळे होणारी व्यंगं कमी झालेली स्पष्ट दिसत नाहीत. त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी दिसतो. मघाशी सांगितलेल्या त्याच सहा वर्षांच्या पाठपुराव्यात, गर्भधारणेच्या आसपास फॉलिक ॲसिड घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी जास्त भरला, १०८ विरुद्ध १०१. म्हणजे घ्यायचं नक्की, आणि गर्भधारणेच्या आधीपासून. डोसपेक्षा तारीख जास्त महत्त्वाची. २२ मे नंतर सुरू केलेलं फॉलिक ॲसिड ऋताच्या बाळाच्या कण्यासाठी कितीही मिलिग्रॅमचं असतं तरी उशिराचंच.

जानेवारी २०२३ मध्ये मुलगी झाली, वजन २ किलो ८००. अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कणा, हृदय, टाळू सगळं नीट दिसलं होतं तरी ताईने बाळाची पाठ तीनदा चाचपून पाहिली. कळा चालू असतानाही ऋताच्या गोळ्या वेळेवर दिल्या गेल्या, कारण तिच्या नवऱ्याने डबीच खिशात ठेवली होती. बाळंतपणानंतर शरीर दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतं, तेव्हा वाढवलेला डोस पायरीपायरीने खाली आणला. नाहीतर तोच डोस अंगावर चढतो. अंगावर पाजायला डॉक्टरांनी अजिबात मनाई केली नाही. खरी भीती होती जागरणाची, कारण या प्रकारच्या अपस्माराला जागरणासारखा शत्रू नाही. म्हणून रात्रीचं एक दूध काढून ठेवायचं आणि ते नवऱ्याने पाजायचं, पाजणं नि लंगोट बदलणं खाली गादीवर, आणि एकटीने बाळाला आंघोळ घालायची नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हात थोडा उडाला, तेवढंच.

हे सगळं जमलं त्याचं एक कारण मी अजून सांगितलं नाही. ऋताच्या सासरी सगळं माहीत होतं. ताईला ते लपवायचं होतं, दोन स्थळं मोडल्यावर तर फारच. हिंदू विवाह कायद्यातून "अपस्मार" हा शब्द १९९९ मध्येच काढून टाकला गेला, अपस्मार आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. पण घराघरांतल्या कायद्यात तो अजून तसाच आहे. ऋताने हट्टाने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. लपवलं असतं तर गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिली असती, आणि वर्षभराचं हे नियोजन कोणाला विचारून केलं असतं? लपवलेल्या गोळीचा डोस बदलता येत नाही.

म्हणून वाटतं, हा प्रश्न बाईला दिवस राहिल्यावर नाही, मुलगी पंधराची असताना विचारायला हवा. पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच आईवडिलांनी विचारावं, "पुढे मूल व्हायच्या वयात ही गोळी चालेल का?" आणि मग दरवर्षी विचारावं. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नये. माझ्यापुरतं मी एवढं केलंय. दुकानात आता व्हॅल्प्रोएटच्या चिठ्ठीवर पंधरा ते पंचेचाळीसमधल्या मुलीचं किंवा बाईचं नाव दिसलं, की पुतण्या तिला स्वतःला बाजूला घेऊन दोन वाक्यं बोलतो: गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आणि मूल हवं असेल तर वर्षभर आधी डॉक्टरांकडे जायचं. अकरा वर्षं मी हे बोलले नाही, ती चूक माझी.

असो. फार लांबलं. परवाच्या त्या मुलीचा हात भरत आलाय. काल तिचा नवरा गोळ्या न्यायला आला होता, यावेळी पूर्ण महिन्याच्या.